फांदीचा फॉल्ट फांदीतच अडवायचा: ११ केव्ही फीडरवर रिक्लोजर आणि डीओ फ्यूज यांचा मेळ

पावसाळ्यात ग्रामीण फीडरवर दोन तक्रारी नेहमी येतात. पहिली अशी की एका टॅप लाईनवर, म्हणजे फीडरला फुटलेल्या फांदीवर, झाडाची डहाळी पडली आणि अख्खा फीडर बंद झाला, म्हणजे ज्या गावांचा त्या फॉल्टशी संबंध नव्हता तीही अंधारात गेली. दुसरी अशी की वारा सुटला, तारा एकमेकींना क्षणभर घासल्या, फॉल्ट आपोआप निघूनही गेला, पण डीओचा, म्हणजे टॅपच्या तोंडाशी खांबावर बसवलेल्या ड्रॉपआऊट फ्यूजचा, लिंक उडाल्यामुळे वायरमनला रात्री चिखल तुडवत जावं लागलं. रिक्लोजर म्हणजे फॉल्टला उघडून आपोआप पुन्हा जोडून बघणारा ब्रेकर. तो आणि डीओ फ्यूज यांचा मेळ बसवला तर या दोन्ही गोष्टी टाळता येतात. मात्र मेळ बसवणं म्हणजे नेमकं काय आणि तो कुठपर्यंत बसतो, हे आकड्यांशिवाय कळत नाही. म्हणून एक फीडर डोळ्यांसमोर ठेवून सगळं करून बघू. फीडर कल्पनेतला आहे, पण त्यातले आकडे आपल्याकडच्या फीडरवर सर्रास सापडतील असेच घेतले आहेत.

मूळ कल्पना

फॉल्ट तात्पुरता आहे की कायमचा, हे फ्यूजला कळत नाही. रिक्लोजरलाही ते आधी कळत नाही, पण त्याला पुन्हा प्रयत्न करून बघता येतं. म्हणून पहिल्या वेळी रिक्लोजरनं फ्यूजच्या आधी, अगदी झटपट उघडायचं. लिंक वितळायच्या आत प्रवाह थांबतो, ठिणगी विझते. एक-दोन सेकंदांनी रिक्लोजर बंद होतो, म्हणजे पुन्हा जोडला जाऊन प्रवाह सुरू करतो. फॉल्ट तात्पुरता असेल तर सप्लाय सुरळीत चालू राहतो आणि लिंक शाबूत राहतो.

फॉल्ट अजून तिथेच असेल तर आता उलट वागायचं. दुसऱ्या वेळी रिक्लोजरनं मुद्दाम थांबून राहायचं, म्हणजे तेवढ्या वेळात त्या फांदीचा लिंक उडतो. लिंक उडाला की रिक्लोजरला प्रवाह दिसेनासा होतो, तो न उघडता जागेवर राहतो आणि बाकीचा फीडर चालू राहतो.

यातून दोन अटी निघतात. फांदीवर येऊ शकणाऱ्या प्रत्येक फॉल्ट प्रवाहाला रिक्लोजरचा झटपट वेळ हा लिंकच्या किमान वितळण्याच्या वेळेपेक्षा कमी हवा, आणि रिक्लोजरचा सावकाश वेळ हा लिंकच्या एकूण तोडण्याच्या वेळेपेक्षा जास्त हवा. पुढचं सगळं काम या दोन अटी तपासण्याचं आहे.

पहिली पायरी: फॉल्ट प्रवाह काढा

आपल्या उदाहरणात ३३/११ केव्ही सबस्टेशनमध्ये ५ एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर आहे, इम्पिडन्स ७.१५ टक्के. ३३ केव्ही बाजूची फॉल्ट लेव्हल ३०० एमव्हीए धरली. सबस्टेशनपासून ४ किलोमीटरवर मुख्य लाईनवर रिक्लोजर आहे. त्याच्या पुढे २ किलोमीटरवर एक टॅप निघतो, तो ५ किलोमीटर लांब आहे. मुख्य लाईन डॉग कंडक्टरची, टॅप रॅबिटचा. ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल थेट अर्थ केलेला आहे.

इम्पिडन्स बेरजेत मांडून हिशेब केला की तीन फेज फॉल्ट रिक्लोजरपाशी सुमारे १,७१० ॲम्पियर, टॅपच्या तोंडाशी १,३९० आणि टॅपच्या शेवटाला ८५० येतो. दोन फेजमधला फॉल्ट याच्या ०.८६६ पट, म्हणजे शेवटाला ७३५. एक फेज जमिनीला लागल्यास, फॉल्टच्या जागी अडथळाच नाही असं धरून, तोंडाशी सुमारे ९५० आणि शेवटाला ५६० ॲम्पियर.

हे आकडे काढताना दोन चुका वारंवार दिसतात. एक म्हणजे फक्त जास्तीत जास्त प्रवाह काढून थांबणं. पहिल्या अटीसाठी जास्तीत जास्त प्रवाह लागतो, पण दुसऱ्या अटीची खरी परीक्षा कमीत कमी प्रवाहाला असते. दुसरी चूक म्हणजे अर्थ फॉल्ट विसरणं. ओव्हरहेड लाईनवर बहुतेक फॉल्ट एकाच फेजचे असतात, त्यामुळे अर्थ फॉल्टचे आकडे नसतील तर तुम्ही कमी वेळा घडणाऱ्या गोष्टींसाठी सेटिंग करत आहात.

दुसरी पायरी: लिंक निवडा

लिंक आधी ठरवायचा आणि रिक्लोजर त्याभोवती बसवायचा, कारण रिक्लोजरचे वक्र, म्हणजे किती प्रवाहाला किती वेळ लागतो याचे आलेख, बदलता येतात, लिंकचा वक्र कारखान्यातून जसा आला तसाच राहतो.

डीओमध्ये बसणारे लिंक मुख्यतः दोन प्रकारचे, के आणि टी. दोघांचाही ३०० सेकंदांत वितळण्याचा प्रवाह सारखाच असतो: ४० रेटिंगचा लिंक दोन्ही प्रकारांत ८० ते ९६ ॲम्पियरला वितळतो. फरक मोठ्या प्रवाहाला दिसतो. ०.१ सेकंदात वितळायला ४० के ला किमान ५६५ ॲम्पियर लागतात, तर ४० टी ला किमान १,०४०. म्हणजे टी हा सावकाश लिंक. आपल्याला लिंकच्या आधी रिक्लोजर उघडायला हवा आहे, त्यामुळे टी इथे स्पष्टपणे सोयीचा. के घेतलात तर पहिली अट फारच थोड्या लांबीत पाळली जाते.

आता रेटिंग. टॅपवर १०० केव्हीएचे सहा ट्रान्सफॉर्मर आहेत, म्हणजे ६०० केव्हीए आणि पूर्ण लोडला ३१.५ ॲम्पियर. नुसतं यावर २५ टी पुरेसा वाटेल. पण शेतीच्या फीडरवर सप्लाय आला की ऑटो लावलेले सगळे पंप एकदम सुरू होतात. आळीपाळीनं तीन फेज मिळणाऱ्या भागात हे रोज घडतं. सप्लाय आल्यानंतरचे पहिले दहा सेकंद प्रवाह अडीच पट धरला तर ७९ ॲम्पियर होतात. २५ टी दहा सेकंदांत ७३.५ ॲम्पियरलाच वितळू शकतो, तर ४० टी ला किमान १२० लागतात. म्हणून ४० टी. ही अडीच पट मी हिशेबासाठी धरली आहे. तुमच्या फीडरवर ती किती आहे हे सप्लाय येताना मोजून घ्या, पंपांची संख्या जास्त असेल तर ती याहून वरही जाते.

लिंकच्या खालच्या बाजूला प्रत्येक ट्रान्सफॉर्मरचे स्वतःचे फ्यूज असतात. १०० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरला सव्वापाच ॲम्पियर लागतात आणि तिथे १० रेटिंगचा लिंक असेल तर तो ४० टी च्या कितीतरी आधी उडतो, तिथे अडचण येत नाही.

तिसरी पायरी: झटपट वक्र आणि त्याची हद्द

रिक्लोजरचा झटपट वेळ म्हणजे रिलेनं फॉल्ट ओळखण्यापासून व्हॅक्यूम इंटरप्टरमधली ठिणगी विझेपर्यंतचा सगळा वेळ. कागदावर इन्स्टंटेनियस लिहिलेलं असलं तरी तो शून्य नसतो. मी ०.०७ सेकंद धरतो. तुमच्या यंत्राचा आकडा बनवणाऱ्याच्या माहितीपत्रकात मिळेल, आणि टेस्ट किटनं मोजलात तर आणखी चांगलं.

हा वेळ थेट लिंकच्या वेळेशी ताडायचा नाही. पहिल्या झटक्यात लिंक तापतो, त्याला थोडी इजाही होऊ शकते, आणि दुसऱ्या प्रयत्नाच्या वेळी तो पूर्ण थंड झालेला नसतो. म्हणून रिक्लोजरच्या वेळेला एका गुणकानं गुणतात. झटपट उघडणं एकदाच असेल तर १.२५ चालतो. दोनदा असेल आणि मधली विश्रांती अर्ध्या सेकंदाची असेल तर १.८, विश्रांती एक सेकंद किंवा जास्त असेल तर १.३५. मी झटपट प्रयत्न एकच ठेवायच्या मताचा आहे. दुसऱ्या झटपट प्रयत्नानं फार थोडे जास्तीचे फॉल्ट निघतात आणि लिंकवरचा ताण मात्र वाढतो.

आपला आकडा झाला ०.०७ गुणिले १.२५, म्हणजे ०.०८७५ सेकंद. आता ४० टी या वेळेत किती प्रवाहाला वितळेल? ०.१ सेकंदाच्या आसपास आणि त्याखाली लिंकमधली उष्णता बाहेर जायला वेळच मिळत नाही, म्हणून प्रवाहाचा वर्ग गुणिले वेळ हा गुणाकार जवळपास स्थिर राहतो.

```
1040² × 0.1  = 108160
I = √(108160 / 0.0875) ≈ 1112 A
```

म्हणजे सुमारे १,११० ॲम्पियरपर्यंत लिंक वाचतो. त्याहून जास्त प्रवाहाला ०.०७ सेकंदात उघडणाऱ्या रिक्लोजरकडून लिंक वाचेल याची खात्री नाही. टॅपच्या तोंडाशी तीन फेज फॉल्ट १,३९० आहे, म्हणजे पहिली अट तिथे मोडते. हिशेब केला तर तीन फेज फॉल्टसाठी टॅपचे पहिले २ किलोमीटर या हद्दीबाहेर राहतात, दोन फेजच्या फॉल्टसाठी पहिले ७०० मीटर.

इथे बरेच जण ६५ टी कडे वळतात. त्यानं हद्द नक्की वाढते, तोंडाशीसुद्धा लिंक वाचतो. पण मी या टॅपवर तसं करणार नाही. कारण अर्थ फॉल्ट तोंडाशी ९५० ॲम्पियर आहे, म्हणजे १,११० च्या खालीच. सगळ्यात जास्त वेळा होणारा फॉल्ट टॅपच्या पूर्ण लांबीत ४० टी नं वाचतो. उरलेल्या थोड्या तीन फेज फॉल्टमध्ये लिंक लगेच उडेल, म्हणजे नुकसान एवढंच की तात्पुरत्या फॉल्टलाही वायरमनला जावं लागेल. बाकीचा फीडर तेव्हाही चालूच राहील. याउलट लिंक मोठा केला की कमी प्रवाहाचे फॉल्ट त्याला दिसायला अजून वेळ लागतो, आणि ते नुकसान जास्त मोठं आहे. ते पुढे येईलच.

झटपट घटकाचा पिकअप, म्हणजे तो ज्या प्रवाहाला जागा होतो तो आकडा, मी ५०० ॲम्पियर ठेवेन. टॅपच्या शेवटाचा दोन फेजचा फॉल्ट ७३५ आहे, तो आरामात पकडला जातो, आणि पंप सुरू होण्याच्या प्रवाहाला तो उगाच उडत नाही. तरी एक अडचण उरते. बराच वेळ बंद असलेल्या फीडरवर सप्लाय येताना सगळे ट्रान्सफॉर्मर एकदम चुंबकित होतात आणि पहिल्या काही सायकल्समध्ये प्रवाह पूर्ण लोडच्या आठ-दहा पटींवर जाऊ शकतो. त्या क्षणी झटपट घटक जागा असेल तर रिक्लोजर फॉल्ट नसतानाच उघडेल. रिक्लोजरच्या कंट्रोलरमध्ये कोल्ड लोड पिकअप नावाची सोय असते. लाईन काही मिनिटं मृत राहिली तर सप्लाय आल्यावर ठरावीक वेळ ती झटपट घटक बंद ठेवते. शेतीच्या फीडरवर ही सोय चालू केलीच पाहिजे. नाहीतर ऑपरेटर आठवड्याभरात वैतागून झटपट घटकच कायमचा बंद करतो आणि लिंक वाचवण्याचा सगळा उद्देश संपतो.

चौथी पायरी: सावकाश वक्र

लिंक वितळण्याचा वक्र तीव्र उताराचा असतो, म्हणून त्याच्या वर बसवायला आयईसीचा एक्स्ट्रीमली इन्व्हर्स वक्र सगळ्यात जवळचा. स्टँडर्ड इन्व्हर्स घेतला तर तो सपाट असल्यामुळे एका टोकाला लिंकला छेदतो.

```
t = TMS × 80 / ((I/Is)² − 1)
Is = 200 A, TMS = 0.15
```

रिक्लोजरच्या पुढचा कमाल लोड ११० ॲम्पियर धरला आहे, म्हणून पिकअप Is २००. टीएमएस हा वक्र वर-खाली करणारा वेळेचा गुणक. आता दोन टोकं तपासू. लिंकसाठी या वेळी कमाल वितळण्याचा वेळ घ्यायचा आणि त्यात ठिणगी विझण्याचे सुमारे ०.०२ सेकंद मिळवायचे.

टॅपच्या तोंडाशी १,३९० ॲम्पियरला लिंक जास्तीत जास्त ०.१० सेकंदात तोडतो, रिक्लोजरचा वक्र ०.२५ सेकंद देतो. अंतर ०.१५. टॅपच्या शेवटाला ७३५ ॲम्पियरला लिंक सुमारे ०.३५ सेकंदात तोडतो, रिक्लोजर ०.९६. दोन्हीकडे लिंक आधी जातो. रिलेनं ट्रिपचा हुकूम एकदा दिला की तो परत घेता येत नाही, म्हणून अंतर मोजताना रिलेचा वेळ घ्या, ब्रेकर उघडण्याचा वेळ त्यात धरून स्वतःची फसवणूक करू नका. टीएमएस ०.१ ठेवला असता तर तोंडाशी अंतर ०.०७ सेकंदापर्यंत आलं असतं, ते मला कमी वाटतं.

मी ७३५ चा लिंकचा वेळ प्रमाणित बिंदूंमधून काढला आहे. प्रत्यक्ष सेटिंग देताना तुमच्या लिंकच्या उत्पादकाचा वक्र घेऊन त्यावरून वाचा. रिक्लोजरच्या पुढे अनेक टॅप असतील तर सावकाश वक्र सगळ्यात मोठ्या रेटिंगच्या लिंकशी ताडायचा, आणि झटपट वक्र सगळ्यात जवळच्या टॅपशी.

सावकाश प्रयत्नात एक गोष्ट अनेकदा राहून जाते. कंट्रोलरमध्ये हाय-सेट इन्स्टंटेनियस घटक वेगळा असतो आणि तो सगळ्या प्रयत्नांना लागू राहतो. तो चालू असेल तर दुसऱ्या प्रयत्नातही रिक्लोजर झटपटच उघडतो, लिंकला वितळायला संधीच मिळत नाही आणि शेवटी रिक्लोजर लॉकआऊट होतो, म्हणजे पुन्हा प्रयत्न न करता उघडाच राहतो. वक्र कागदावर सुरेख दिसतात, पण फीडर पूर्ण जातो. सेटिंग तपासताना प्रत्येक प्रयत्नाला कोणते घटक जागे आहेत ही यादी स्क्रीनवर उघडून बघा.

क्रम असा ठेवतो: एक झटपट, २ सेकंद विश्रांती, एक सावकाश, १० सेकंद विश्रांती, आणखी एक सावकाश, मग लॉकआऊट. दुसरा सावकाश प्रयत्न सुरक्षिततेचा आहे. पहिल्या सावकाश वेळी लिंक आणि रिक्लोजर दोघंही एकत्र उडाले, तर दहा सेकंदांनी रिक्लोजर बंद होतो आणि लिंक उडालेला असल्यामुळे बाकीचा फीडर परत येतो.

सबस्टेशनचा ब्रेकर

रिक्लोजर नीट बसला आणि सबस्टेशनचा रिले तसाच राहिला तर सगळं वाया जातं. तिथला हाय-सेट घटक रिक्लोजरपाशी येणाऱ्या १,७१० ॲम्पियरच्या वर ठेवावा लागतो, मी १.३ पट म्हणजे सुमारे २,२०० धरेन. सबस्टेशनच्या बसवर फॉल्ट प्रवाह जवळपास ३,००० आहे, म्हणजे जवळचे फॉल्ट तरीही पकडले जातात. वेळेचा वक्र रिक्लोजरच्या सावकाश वक्राच्या वर साधारण ०.३ सेकंद असावा. तिथे जुना चकतीचा रिले असेल तर आणखी सांभाळा, कारण रिक्लोजरच्या प्रत्येक प्रयत्नात चकती थोडी पुढे सरकते आणि विश्रांतीत पूर्ण मागे येत नाही. तीन प्रयत्नांची बेरीज होऊन सबस्टेशनचा ब्रेकर उडू शकतो.

अर्थ फॉल्ट: इथे लिंक अपुरा पडतो

अर्थ फॉल्ट घटकाचा पिकअप फेजपेक्षा बराच खाली असतो, आपण ४० ॲम्पियर धरू. तार कोरड्या मातीवर पडली, खडकावर पडली, तर प्रवाह वर काढलेल्या ५६० पेक्षा खूप कमी असतो. फॉल्टच्या जागी २० ओहम अडथळा धरला तरी टॅपच्या शेवटाचा प्रवाह २३५ च्या आसपास उतरतो. ४० टी ला तेवढ्या प्रवाहाला पाच सेकंद लागू शकतात. १५० ला तो दहा सेकंदांतही वितळेल याची खात्री नाही, आणि ८० च्या खाली तो पाच मिनिटांतही वितळत नाही.

समजा अर्थ फॉल्टचा सावकाश वेळ १ सेकंद ठेवला. मग लिंक सुमारे ५२० ॲम्पियरच्या वरचे अर्थ फॉल्ट आधी तोडतो. त्याखाली रिक्लोजर आधी उडतो, लॉकआऊट होतो, पूर्ण फीडर जातो. वेळ ३ सेकंदांवर नेला तर ही सीमा ३०० पर्यंत उतरते. पण जमिनीवर पडलेली तार तीन-तीन सेकंद जिवंत ठेवणं मला योग्य वाटत नाही, आणि सबस्टेशनचा अर्थ फॉल्ट रिलेही बहुधा तेवढा थांबणार नाही. मी १ सेकंदावर थांबतो आणि मान्य करतो की कमी प्रवाहाच्या अर्थ फॉल्टला ही फांदी एकटी सुटणार नाही. माणूस किंवा जनावर तारेजवळ असण्याची शक्यता जिथे आहे तिथे फीडर जाणं हे लिंक न उडता तार जिवंत राहण्यापेक्षा केव्हाही बरं.

टॅप लांब असेल आणि असे फॉल्ट वारंवार होत असतील तर तिथे लिंकऐवजी सेक्शनलायझर लावणं हा खरा उपाय आहे. डीओच्याच मांडणीत बसणारे इलेक्ट्रॉनिक सेक्शनलायझर मिळतात. ते स्वतः फॉल्ट तोडत नाहीत. फॉल्ट प्रवाह गेला आणि मग रिक्लोजरनं लाईन मृत केली, हे ते मोजतात, आणि दुसऱ्या मोजणीनंतर विश्रांतीच्या काळात, प्रवाह नसताना, खाली पडतात. त्यांना वितळण्याचा वक्रच नाही, त्यामुळे वेळ जुळवण्याची कटकट राहत नाही. फक्त त्यांचा जागा होण्याचा प्रवाह रिक्लोजरच्या पिकअपच्या खाली आणि टॅपच्या लोडच्या वर असावा लागतो. फेज मोजणाऱ्या सेक्शनलायझरला ४० ॲम्पियरचा अर्थ फॉल्ट ३१ ॲम्पियरच्या लोडपासून वेगळा ओळखता येत नाही, ही मर्यादा त्यालाही आहे.

खांबावर काय बिघडतं

सगळा हिशेब ४० टी साठी आहे. लिंक संपले म्हणून बॅरलमध्ये तांब्याची तार दुहेरी करून घातली, तर प्रवाहाचा वर्ग गुणिले वेळ हा गुणाकार एकेरी तारेच्या चौपट होतो. त्याहून वाईट म्हणजे कंडक्टरची ॲल्युमिनियमची एक लड. वीजलच्या कंडक्टरमधली २.५९ मिलिमीटरची लड ७३५ ॲम्पियरला वितळायला दीड-दोन सेकंद घेते, आणि आपला रिक्लोजर ०.९६ सेकंदात उडतो. म्हणजे त्या टॅपवरचा प्रत्येक कायमचा फॉल्ट फीडर बंद करणार. एका टॅपमुळे फीडर वारंवार लॉकआऊट होत असेल तर सेटिंग बदलायच्या आधी त्या खांबावर चढून बॅरल उघडून बघावं. मी हे शिकलो तेव्हा दोन आठवडे वक्र बदलण्यात घालवले होते.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. डीओचा एकच लिंक उडतो तेव्हा टॅपवर दोन फेज चालू राहतात. ११ केव्ही बाजूला डेल्टा असलेल्या ट्रान्सफॉर्मरमधून उडालेल्या फेजवर उलटा व्होल्टेज येतो, साधारण फेज व्होल्टेजच्या निम्मा, म्हणजे ३,००० व्होल्टच्या आसपास. उडालेल्या लिंकच्या पुढची, जमिनीवर पडलेली तार जिवंत असू शकते. म्हणून एक लिंक खाली लटकलेला दिसला तरी परमिट घेऊन, उरलेले दोन्ही लिंक काढून किंवा एबी स्विच उघडून, डिस्चार्ज रॉड तिन्ही फेजला लावल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही. काम चालू असताना रिक्लोजरवर त्याचं आपोआप पुन्हा जोडणं रोखणारा हॉट लाईन टॅग लावायचा. त्याच वेळी दोन फेजवर चाललेल्या पंपांच्या मोटारी जळतात, म्हणून लिंक उडाल्याची खबर लवकर मिळणं शेतकऱ्याच्या दृष्टीनंही महत्त्वाचं आहे.

मेळ बसला की नाही, हे नोंदीतून कसं ओळखायचं

पहिल्या दोन-तीन वादळांनंतर कंट्रोलरमधली घटनांची नोंद उतरवून घ्या आणि वायरमनच्या डायरीशी ताडा. झटपट ट्रिप, बंद, मग सावकाश घटक जागा होऊन ट्रिप न करताच शांत झाला आणि त्याच वेळी एका टॅपचा लिंक उडालेला सापडला, तर सगळं हवं तसं घडलं आहे. झटपट ट्रिपनंतर काहीच झालं नाही आणि लिंक शाबूत आहे, तर तात्पुरता फॉल्ट निघून गेला, हेही यशच.

सावकाश ट्रिपही झाली आणि लिंकही उडाला, तर दोघांत शर्यत लागली आहे. नोंदीतला प्रवाह बघा. तो मधल्या पट्ट्यात असेल तर टीएमएस वाढवावा लागेल, कमी असेल तर तो बहुधा अर्थ फॉल्ट होता. लॉकआऊट झाला आणि लिंक जागेवरच आहे, तर प्रवाह लिंकला पुरेसा नव्हता किंवा बॅरलमध्ये लिंकऐवजी भलतंच काही आहे. आणि लिंक उडाला पण रिक्लोजरमध्ये काहीच नोंद नाही, तर फॉल्ट नव्हताच: टॅपवर लोड वाढला आहे किंवा आधीच्या झटक्यांनी लिंक कमजोर झाला होता. अशा वेळी तिन्ही फेजचे लिंक एकदम बदलावेत, कारण उरलेल्या दोघांनीही तेच झटके खाल्लेले असू शकतात.

नोंदीत झटपट ट्रिपसोबत लिंकही उडाल्याचं दिसलं आणि प्रवाह १,११० च्या वर असेल, तर ती आपण आधीच काढलेली हद्द आहे. तो आकडा त्या खाली असेल तर मात्र रिक्लोजर ०.०७ सेकंदात उघडत नाहीये, आणि ब्रेकरचा उघडण्याचा वेळ पुन्हा मोजायला हवा.